दिघा वाचलं, तुर्भे गेलं

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर नऊ स्थानकं आहेत. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी. यातलं दिघा गाव सगळ्यांत नवं, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं. ही नऊ नावं मी एका छोट्या प्रोग्रॅममधून काढली. इंटरनेटवर ‘नावं साफ करण्याची युक्ती’ म्हणून तो हजारदा चिकटवलेला सापडतो. खरं तर त्यात दोनच ओळींचं काम आहे:

```python
import unicodedata as u
def saaf(s):
    s = u.normalize("NFD", s)
    return "".join(c for c in s if u.category(c) != "Mn")
```

`José` दिलं की `Jose` मिळतं. `Müller` दिलं की `Muller`. अक्षराच्या डोक्यावरची खूण काढून टाकायची आणि खालचं अक्षर ठेवायचं, इतकंच.

मी दिघ्यात राहतो, म्हणून साहजिकच पहिली चाचणी ‘दिघा’ देऊन केली. उत्तर आलं ‘दिघा’. जसंच्या तसं. वाटलं, मराठीला हे हात लावत नसावं. मग पुढची स्थानकं टाकली. ‘ऐरोली’, ‘घणसोली’, ‘सानपाडा’, ‘वाशी’ ही चारही सुखरूप बाहेर आली. पण ‘ठाणे’चं ‘ठाण’ झालं, ‘रबाळे’चं ‘रबाळ’, ‘कोपरखैरणे’चं ‘कोपरखरण’. आणि ‘तुर्भे’चं ‘तरभ’. नवातली पाच वाचली, चार गेली. नेरुळच्या फाट्यावर गेलात तर ‘जुईनगर’चं ‘जईनगर’ आणि ‘नेरुळ’चं ‘नरळ’ होतं.

सगळीच नावं बिघडली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. निम्मी वाचतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं टिकते. चाचणी घेणाऱ्यानं ‘पाटील’ टाकून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. ‘म्हात्रे’ टाकलं असतं तर ‘महातर’ दिसलं असतं.

असं का होतं, हे युनिकोडच्या वर्गवारीत आहे. युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देतो. अक्षराला चिकटणाऱ्या खुणांचे त्यात दोन मुख्य गट पडतात. ज्या खुणा स्वतःची रुंदी घेतात, म्हणजे ओळीत अक्षराशेजारी जागा अडवतात, त्या `Mc`. आपला काना, दोन्ही वेलांट्या, ‘ओ’ आणि ‘औ’ची चिन्हं या गटात येतात. ज्या खुणा अक्षराच्या वर किंवा खाली बसतात आणि ओळीत जागा घेत नाहीत त्या `Mn`. दोन्ही उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण या गटात आहेत. फ्रेंच `é` वरची तिरकी रेघ आणि जर्मन `ü` वरचे दोन ठिपकेही याच गटात. युक्ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती रेघ होती. त्यानं गट काढला, आणि गटात आपली मात्रा होती.

हा फरक दिसण्याचा आहे, अर्थाचा नाही. `é` वरची रेघ गेली तरी `e` उरतो आणि वाचणारा निभावून नेतो. ‘ठाणे’ची मात्रा गेली तर ‘ए’ हा स्वरच गेला, आणि त्या जागी न लिहिलेला ‘अ’ येऊन बसला. मराठीत मात्रा हा अलंकार नसतो, ती अर्ध्या अक्षराएवढी असते. पण प्रोग्रॅमला ते कोण सांगणार? त्याला फक्त `Mn` दिसतं.

खुणा गाळून नावं लिहिण्याची सवय मात्र संगणकानं आणलेली नाही. मोडी लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी वेगळी लिहीत नसत, उकारही एकच. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत सारखेच दिसतात. हात न उचलता भराभर लिहायचं तर हे परवडायचं. आणि ते चालून जायचं, कारण दप्तर वाचणारा माणूस गावातला किंवा गावाची माहिती असलेला असे. कागदावर कमी लिहिलं असलं तरी उरलेलं त्याच्या डोक्यात असे.

मग इंग्रजी आली. १८७१ साली विल्यम विल्सन हंटर यानं भारतीय विशेषनामं रोमन अक्षरांत कशी लिहावीत याची एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातला एक साधा नियम असा, की स्वर दीर्घ असेल तर त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ द्यायची. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला, त्यावर नाव छापलं आहे `Thána`. आत कल्याण आहे ते `Kalyán`. ही पद्धत पूर्ण नव्हती. ट आणि त, ण आणि न यांत ती फरक करत नाही. पण ‘अ’ आणि ‘आ’ तेवढे वेगळे राहत.

तेवढं राहण्यानं काय साधत होतं ते आमच्याकडच्या एका आडनावावरून कळतं. ऐरोली-दिघा पट्ट्यात मढवी हे आगरी समाजातलं आडनाव आहे. माधवी हे बाईचं नाव सगळ्यांना माहीत आहे. गॅझेटियरच्या पद्धतीनं लिहिलं तर मढवी होतं `Madhaví` आणि माधवी होतं `Mádhaví`. एका रेघेचा फरक, पण आहे. पुढे इंग्रजी टाइपरायटर कचेऱ्यांत आला. त्याच्यावर ती रेघ नव्हती. १९६३ साली अमेरिकेत आस्की हा संगणकी अक्षरसंच ठरला, त्यात १२८ जागा होत्या आणि खुणेचं एकही अक्षर नव्हतं. दोन्ही नावं `Madhavi` झाली. पॅन कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, पासपोर्टवर आजही ती तशीच आहेत. तरे आणि तारे या दोन आडनावांचंही तेच, दोघेही `Tare`.

मराठी टंकलेखनानंही मधल्या काळात एक विचित्र वळण घेतलं. ते आठवणारे अजून आहेत. १९९०च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं सरकारी कागद मराठी फॉन्टमध्ये टाइप होत. पण फाइलमध्ये मराठी नसे, रोमन अक्षरांचे आणि त्यांच्या खुणांच्या चिन्हांचे क्रमांक असत. फॉन्ट फक्त त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवी. जुन्या शासन निर्णयाच्या पीडीएफमधून ‘महाराष्ट्र’ हा शब्द कॉपी करून मोबाइलवर चिकटवलात तर `´ÖÆüÖ¸üÖÂ™Òü` असं काहीतरी उतरतं. त्यात पुन्हा पुन्हा येणारं `Ö` हा मराठी काना आहे. अशा मजकुरावर कुणी ‘खुणा काढा’ हा प्रोग्रॅम चालवला तर `Ö` चा `O` होतो आणि तो मजकूर परत मराठीत आणण्याची वाटच बंद होते. जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणताना हा क्रम महत्त्वाचा असतो. आधी फॉन्टचं रूपांतर, मग बाकीचं काहीही.

आता याची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहू. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी आधी एमआयडीसीसाठी आणि १९७० नंतर सिडकोसाठी संपादित झाल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलानातवंडांना आपण वारस आहोत हे कागदानं दाखवावं लागतं. सातबारा मराठीत, मृत्यूचा दाखला मराठीत, शाळेचा दाखला मराठीत. आधार दोन्ही भाषांत, पॅन फक्त इंग्रजीत. एका माणसाच्या नावाचे चार-पाच अवतार टेबलावर पडतात आणि ते एकाच माणसाचे आहेत हे ठरवायचं असतं. हे ठरवणारा कारकून असेल तोवर वाद होतो, पण बोलता येतं. याद्या मोठ्या असल्या की कुणीतरी म्हणतं, कॉम्प्युटरनं जुळवून घेऊ.

समजा अशी एक यादी आहे. तिच्यात तीन अर्जदार: सुमन ठाकूर, सुमन ठाकरे आणि सुमन ठाकर. पहिली दोन आडनावं महाराष्ट्रभर आहेत. ठाकर हे जमातीचं नाव, ते आडनाव म्हणूनही लावतात. जुळवणीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं नावांतला टायपिंगचा फरक आड येऊ नये म्हणून वरची ‘साफ’ करण्याची पायरी घातली. ‘सुमन’चा उकार गेला, ‘समन’ झालं. ‘ठाकूर’चा दुसरा उकार गेला, ‘ठाकरे’ची मात्रा गेली, ‘ठाकर’ला मुळात काही नव्हतंच. तिघींची किल्ली झाली ‘समन ठाकर’. आता सातबाराच्या यादीत एकच ‘सुमन ठाकूर’ असेल तर ती तिघींशी जुळते. प्रोग्रॅम पहिली सापडली तिला जोडतो, किंवा ‘एकाहून अधिक दावेदार’ म्हणून तिन्ही अर्ज बाजूला काढतो. दोन्ही वेळा जिचं नाव पहिल्या दिवसापासून बरोबर लिहिलेलं होतं तिला हेलपाटे पडतात. तिला कारण सांगितलं जातं ‘नाव जुळत नाही’. वास्तविक नाव नको तितकं जुळलेलं असतं.

इंग्रजीच्या अंगानं पाहिलं तर मढवींची अडचण वेगळी. अर्जात नाव इंग्रजीत भरलं की बऱ्याच ठिकाणी शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटतं. `Madhavi` लिहिलं की तिथे ‘माधवी’ येतं, कारण मशीननं पाहिलेल्या मजकुरात माधवी हजारदा आहे आणि मढवी क्वचित. भरणाऱ्यानं लक्ष देऊन दुरुस्त केलं तर ठीक. नाहीतर आडनावाच्या जागी बाईचं नाव घेऊन माणूस घरी येतो आणि चार वर्षांनी सातबाराच्या वेळी त्याला ते कळतं. खूण एकदा गेली की ती रोमन अक्षरांतून परत काढता येत नाही. तिथे फक्त अंदाज उरतो.

याहून मोठी दोन माणसं गिळणाऱ्या युक्त्याही आहेत. एक अशी, की नावात ‘अक्षर नसलेलं’ सगळं काढून टाकायचं: टिंब, स्वल्पविराम, चुकून पडलेला तारा. पायथॉनमध्ये ते `re.sub(r"\W", "", s)` असं लिहितात. पायथॉनच्या या साधनाच्या हिशेबी काना आणि वेलांटीसुद्धा अक्षर नाही. तेव्हा इथे दिघाही वाचत नाही, ‘दघ’ उरतं. याच हिशेबावर चालणारे काही ऑनलाइन अर्ज ‘नावात अवैध चिन्ह आहे’ असा लाल इशारा देतात आणि नाव स्वीकारतच नाहीत. तुम्ही ते अनुभवलं असेल, आणि आपलंच काही चुकलं असं समजून इंग्रजीत नाव टाकून मोकळे झाला असाल.

दुसरी युक्ती सगळ्यांत वाईट. आस्कीत बसत नाही ते सोडून द्यायचं:

```python
u.normalize("NFKD", s).encode("ascii", "ignore").strip()
```

`José` चं `Jose` होतं. ‘दिघा’चं काय होतं? काहीच उरत नाही. रिकामी ओळ. ‘तुर्भे’चीही रिकामी ओळ, सुमन ठाकूरचीही. आणि रिकामं हे रिकाम्याशी तंतोतंत जुळतं, म्हणजे यादीतली सगळी मराठी माणसं एकमेकांची आवृत्ती ठरतात. मी एका ठिकाणी दुबार नावं काढण्याच्या कामात हे घडलेलं पाहिलं आहे. यादीत मराठीतून भरलेल्यांपैकी एकच माणूस उरला होता. तो उरला कारण तो पहिला होता.

हे आपल्याकडे घडतंय का हे ओळखायला प्रोग्रॅमरच असायला हवं असं नाही. जुळवणीसाठी बनवलेल्या किल्ल्यांचा रकाना एकदा डोळ्यांनी पाहायचा. त्यात ‘कलकरणी’, ‘शिद’, ‘गवत’ अशी नावं दिसली तर उकार, मात्रा, अनुस्वार गेलेत (‘गवत’ म्हणजे गवते, हे आडनाव आमच्या भागातलं, म्हणून मला पटकन दिसलं). किल्ली रिकामी असलेल्या ओळी मोजायच्या. आणि एकाच किल्लीवर सर्वांत जास्त माणसं कुठे आहेत ते वरून पाच पाहायचे. गडबड असेल तर ती बहुतेक वेळा त्या पाचांत सापडते.

मग नीट कसं करायचं? पहिली गोष्ट, माणसानं लिहिलेलं नाव जसंच्या तसं एका रकान्यात ठेवायचं आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही. मराठी नाव वेगळं, रोमन नाव वेगळं, दोन्ही त्या माणसाकडून घ्यायची आणि एकावरून दुसरं बनवायचं नाही. मशीननं सुचवलेलं मराठी नाव दाखवायला हरकत नाही, पण ते माणसानं वाचून ‘हो’ म्हटल्याशिवाय साठवायचं नाही.

दुसरी गोष्ट, दोन नावं सारखी आहेत का हे पाहण्याआधी त्यांना `NFC` या ठरलेल्या रूपात आणायचं. हे रूप काही काढत नाही. एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप झालं असेल तर त्यांना एका तऱ्हेत आणतं. मराठीत याची खरी गरज ‘कऱ्हाडे’सारख्या नावात पडते. त्यातला अर्धा ‘ऱ’ कुणी एका सबंध अक्षराच्या क्रमांकानं टाइप करतो, कुणी ‘र’ला खाली नुक्ता देऊन. दिसायला दोन्ही सारखे, आत क्रमांक वेगळे. `NFC` त्यांना एक करतं. पण तिसरीही एक तऱ्हा आहे. जुने कीबोर्ड ‘र’, पाय मोडण्याची खूण आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह असं लिहीत. त्या चिन्हाला `ZWJ` म्हणतात. `NFC` त्याला हात लावत नाही. आणि ‘न दिसणारं चिन्ह आहे, उडवा’ असं केलंत तर कऱ्हाडेचं ‘कर्हाडे’ होऊन रफार डोक्यावर चढतो. म्हणून मराठीच्या कामात त्या तीन चिन्हांच्या जागी अर्धा ‘ऱ’ बसवणारी एक ओळ वेगळी लिहावी लागते:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = u.normalize("NFC", s)
```

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, कारण इथे खुणा सैल करण्याला खरोखरच काम आहे. ‘सुनील’ आणि ‘सुनिल’ हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. शाळेच्या दाखल्यावर एक वेलांटी, रेशन कार्डावर दुसरी. कडक जुळवणी केली तर हाही बाहेर फेकला जाईल आणि त्याचा राग तितकाच रास्त असेल. तेव्हा शोधण्यासाठी एक वेगळी, सैल किल्ली बनवायची. तिच्यात पहिली-दुसरी वेलांटी एक मानायची, दोन्ही उकार एक मानायचे, म्हणजे मोडीनं केलं तेच. मात्रा किंवा उकार नाहीसा मात्र करायचा नाही. या किल्लीनं ‘सुनील’ आणि ‘सुनिल’ जवळ येतात, ‘ठाकूर’ आणि ‘ठाकरे’ दूर राहतात. शोधयंत्रांसाठी हिंदीची जी तयार साधनं मिळतात ती याहून पुष्कळ सैल असतात, पाय मोडण्याची खूणही टाकून देतात. लेख शोधायला ते चालतं, कारण चुकीचा लेख आला तर आपण दुसरा उघडतो.

सैल किल्लीचं काम उमेदवार समोर आणण्यापुरतंच. तिनं निर्णय द्यायचा नाही. समोर आलेल्या दोन-चार ओळींत जन्मतारीख, वडिलांचं नाव, गट नंबर असं नावाबाहेरचं काहीतरी पाहायचं. तरीही खात्री होत नसेल तर माणसानं पाहायचं, आणि त्या माणसाला पडद्यावर किल्ली दाखवायची नाही, मूळ नाव दाखवायचं. मूळ नाव दाखवलं की ‘सुमन ठाकूर’ आणि ‘सुमन ठाकरे’ वेगळ्या आहेत हे पाहायला त्याला सेकंद लागतो. ‘समन ठाकर’ दाखवलं तर त्याच्याकडे पाहण्यासारखं काही नसतं.

मढवी आणि माधवी यांचा प्रश्न यातल्या कशानंही सुटत नाही, हे सांगायला हवं. दोन्हीकडे फक्त `Madhavi` असेल तर कुठलीही किल्ली त्यांना वेगळं करू शकत नाही. त्यासाठी मराठी रकाना भरलेला असणं हाच उपाय. ज्या यादीत तो रकाना ‘ऐच्छिक’ म्हणून सोडलेला असतो तिथे मी तो भरतो, आणि घरच्यांनाही भरायला लावतो.

चाचणीसाठी आता मी दिघा वापरत नाही. पाच नावांची एक चिठ्ठी फोनमध्ये ठेवली आहे: तुर्भे, शिंदे, ठाकूर, कुलकर्णी, कऱ्हाडे. यांत दोन्ही उकार, मात्रा, अनुस्वार, मोडलेला पाय आणि अर्धा ‘ऱ’ एवढं येतं. नवीन अर्ज उघडला की आधी त्यातलं एक नाव टाकतो, जतन करतो, आणि पान पुन्हा उघडून काय परत आलं ते वाचतो. परवा एका ठिकाणी कऱ्हाडे ‘कर्हाडे’ होऊन आले. बाकी चार नीट होते.